दुधात जिवंत काय उरतं?

खडवलीत सकाळी दूध तीन वाटांनी घरात येतं. स्टेशनजवळच्या दुकानात पहाटे उतरलेल्या क्रेटमधली पिशवी ही पहिली वाट. आसपासच्या गावातून मोटारसायकलला कॅन अडकवून येणाऱ्या दूधवाल्याचा रतीब ही दुसरी. तिसरी वाट गेल्या काही वर्षांत रुळली आहे. किराणा दुकानाच्या फळीवर बिस्किटांच्या शेजारी, फ्रीजशिवाय, महिनोन्‌महिने ठेवलेलं खोक्यातलं दूध. तिन्ही दुधांचा रंग एकच आणि चहाही जवळपास सारखाच होतो. पण एक पाच तासांत नासू शकतं, एक दोन दिवस टिकतं आणि एक सहा महिने. या फरकाचं श्रेय लोक कधी ‘पावडरी’ला देतात, कधी ‘केमिकल’ला. खरं कारण वेगळं आहे. त्या दुधात कोणते जंतू जिवंत उरले आणि नंतर कोणते नव्याने शिरले, यावरच सगळा हिशेब चालतो.

सुरुवात सुट्या दुधापासून करू, कारण बाकीची दोन्ही दुधं त्यातूनच तयार होतात. निरोगी जनावराच्या कासेत दूध जवळजवळ निर्जंतुक असतं. सडातून बाहेर पडताच त्यात जंतूंची भर पडू लागते. सडाची कातडी, धार काढणाऱ्याचे हात, चरवी, शेणाचा शिंतोडा, म्हैस धुतलेलं पाणी, कॅनच्या झाकणाची रबरी कड अशा सगळ्या ठिकाणांहून ते येतात. धारोष्ण दुधाचं तापमान जनावराच्या अंगाइतकं, म्हणजे सदतीस-अडतीस अंश असतं. जंतूंना याहून सोयीचं तापमान नाही. ताज्या दुधात स्वतःची थोडी जंतुरोधक शक्ती असते, त्यामुळे पहिले दोन-तीन तास वाढ दबलेली राहते. पुढे मात्र ती सुसाट सुटते.

वाढीचा वेग कळावा म्हणून एक हिशेब करून पाहू. समजा, दारात आलेल्या सुट्या दुधात मिलिलिटरला ५ लाख जंतू आहेत. आपल्याकडच्या सुट्या दुधात हा आकडा अजिबात दचकण्यासारखा नाही. एप्रिलमधल्या खडवलीच्या स्वयंपाकघरात, तीस अंशांच्या पुढे, ते साधारण चाळीस मिनिटांत दुप्पट होतात असं धरू. मिलिलिटरला १ कोटीच्या आसपास गेलं की दुधाला वास, आंबटपणा आणि तापवताना फाटणं सुरू होतं. ५ लाखांवरून १ कोटीवर जायला पाच दुपटीसुद्धा लागत नाहीत, म्हणजे तीन तास पुरतात. आता पिशवीचं दूध घ्या. सुरुवात १० हजारांनी झाली, तर त्याच तापमानात १ कोटीपर्यंत दहा दुपटी, म्हणजे पावणेसात तास लागतील. पिशवीत औषध नसतं. फक्त सुरुवातीचा आकडा लहान असतो, आणि तेवढ्यानेच चार तास जास्त मिळतात.

नासण्याचं हे झालं. सुरक्षिततेचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि इथे लोकांची मोठी गल्लत होते. दूध नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. आंबट दूध तोंड वेंगाडायला लावेल, पण दही आपण आवडीने खातोच. उलट ज्या दुधात ब्रुसेल्ला किंवा क्षयाचे जंतू आहेत, त्याला ना वास येतो ना चव बदलते. ते दिसायला आणि चाखायला उत्तम असू शकतं. ब्रुसेल्लाचा संसर्ग झालेली गाय-म्हैस बहुधा गाभण असताना शेवटच्या महिन्यांत गाभडते आणि तिच्या दुधातून जंतू जात राहतात. माणसात तो ताप आठवडेच्या आठवडे चढ-उतार करतो, सांधे-कंबर धरते, रात्री घाम फुटतो, आणि कितीदा तो ‘साधा ताप’ म्हणून अंगावर काढला जातो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेल्लाची लस टोचतात ती यासाठीच. ज्याच्याकडून आपला रतीब आहे, त्याला लसीबद्दल विचारणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

म्हणून सुटं दूध कच्चं पिऊ नये. गर्भवती, तान्ही मुलं, म्हातारी माणसं आणि कर्करोगावर उपचार चालू असलेली माणसं यांना तर ते औषधाला म्हणूनही देऊ नये. ‘धारोष्ण दुधाने ताकद येते’ हा समज घराघरांत आहे. पण प्रथिनं आणि कॅल्शियम दूध तापवून कुठे जात नाहीत. काही ब जीवनसत्त्वं आणि मुळातच थोडं असलेलं क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होतं, इतकंच. एक प्रसंग मात्र असा आहे की तिथे कच्चं दूध नकळत पोटात जातं, तो म्हणजे पंचामृत. श्रावणात, सत्यनारायणाला ते घरातल्या सगळ्यांच्या तळहातावर पडतं, तान्ह्या बाळाच्या ओठालाही लागतं. ज्यांना न तापवलेलंच दूध हवं असतं, त्यांनी पंचामृतासाठी सुट्याऐवजी पिशवीचं दूध घ्यावं. ते चुलीवर चढलेलं नसतं, पण रोगजंतूंपासून मोकळं झालेलं असतं. खरवसाची चिंता नको, तो वाफवूनच होतो.

पिशवीच्या दुधावर कारखान्यात होतं ते पाश्चरीकरण. दूध पोलादी पत्र्यांच्या चळतीतून पातळ थराने वाहतं, ७२ अंशांवर १५ सेकंद राहतं आणि लगेच ४ अंशांपर्यंत गार केलं जातं. जुनी पद्धत ६३ अंशांवर ३० मिनिटांची होती आणि लहान डेऱ्यांमध्ये ती आजही चालते. हे आकडे अंदाजाने ठरवलेले नाहीत. दुधातून पसरणाऱ्या रोगजंतूंपैकी उष्णतेला सर्वांत चिवट असलेल्यांना, क्षयाच्या आणि ‘क्यू’ तापाच्या जंतूंना, मारायला जेवढी धग लागते तेवढी देऊन वर थोडी पुस्ती जोडली आहे. योगायोगाने दुधात फॉस्फटेज नावाचं एक विकर असतं, आणि ते या रोगजंतूंपेक्षा किंचित जास्त धग सोसतं. म्हणून डेरीच्या प्रयोगशाळेत प्रत्येक खेपेत ते विकर शिल्लक आहे का ते तपासतात. फॉस्फटेज संपलेलं असेल, तर रोगजंतू त्याच्या आधीच संपलेले असणार. परीक्षा काही मिनिटांची आणि स्वस्त असते. ती नापास झाली, तर तापवणी कमी पडली किंवा कच्चं दूध कुठून तरी मिसळलं, हे लगेच कळतं.

मुंबईच्या परिसराला या तंत्राची ओळख जुनी आहे. १९४५ मध्ये सरकारच्या ‘बॉम्बे मिल्क स्कीम’खाली आणंदला पोल्सनच्या डेरीत पाश्चरीकरण केलेलं दूध रेल्वेने सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा प्रवास करून मुंबईत पोचू लागलं. तापवून गार केलं म्हणूनच ते एवढं अंतर टिकलं. दुधाच्या दरावरून तिथल्या शेतकऱ्यांनी उठाव केला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा सहकारी संघ उभा राहिला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९४९ मध्ये आरे कॉलनी वसवली ती शहरभर विखुरलेले तबेले एका जागी आणून दूध कारखान्यातून वाटता यावं यासाठी. तरीही सुटं दूध संपलं नाही. कल्याणच्या रेतीबंदर भागातले तबेले आजही नांदते आहेत. पावसाळ्यात खाडीचं पाणी शिरलं की म्हशी रस्त्यावर आणून बांधाव्या लागतात, आणि पुराच्या पाण्याने माखलेल्या कासांची धार तशीच निघते. त्या आठवड्यात सुटं दूध किती जपून वापरायला हवं, ते यावरून समजावं.

पाश्चरीकरणात सगळे जंतू मरत नाहीत, मारायचेही नसतात. रोगजंतू जातात, पण धग सोसणारे काही निरुपद्रवी जंतू आणि बॅसिलस जातीच्या जंतूंची बीजं उरतात. ही बीजं जंतूंची झोपलेली, कवचात बसलेली रूपं असतात. ७२ अंश सोडाच, उकळीचे १०० अंशही ती सहज सोसतात. थंडीत ती पडून राहतात, ऊब मिळाली की जागी होतात. म्हणून पिशवीचं दूध टिकतं ते फक्त थंडीच्या जोरावर. पिशवीवर दोन दिवसांची मुदत छापतात तीही थंडीत ठेवण्याच्या अटीवर. मुदत मोठ्या अक्षरांत वाचली जाते आणि अट लहान अक्षरांत राहते.

ही अट खडवलीसारख्या ठिकाणी कुठे मोडते? डेरीतून चार-पाच अंशांवर निघालेली पिशवी टेम्पोतून वितरकाकडे आणि तिथून छोट्या दुकानात येते. क्रेट फरशीवर उतरतं आणि शटर उघडेपर्यंत तिथेच राहतं. उन्हाळ्यात त्या तासा-दीड तासात वरच्या थरातल्या पिशव्या वीस अंशांच्या पुढे जातात, मधल्या मात्र गार राहतात. म्हणून एकाच क्रेटमधल्या दोन पिशव्यांचं आयुष्य सारखं नसतं. घेताना पिशवी हातात धरा. ती स्पष्ट गार लागली पाहिजे, नुसती ‘ऊन नाही’ एवढ्यावर भागत नाही. तारीख आजची असली तरी कोमट पिशवी घेतली, तर ती घरी नेताच तापवावी.

मग पिशवीचं दूध तापवावं का? शास्त्राचं उत्तर आहे, सुरक्षिततेसाठी गरज नाही. साखळी कुठेच तुटली नसेल, तर पिशवी फोडून दूध थेट पेल्यात ओतता येतं. पण आपल्याकडे साखळी तुटते, पिशवीला सूक्ष्म छिद्र पडतं, आणि फ्रीजच्या दारातल्या खणात तापमान आठ-दहा अंश असतं. अशा घरात दूध तापवणारी आई-आजी चुकीचं काही करत नाही, ती दुधाचा आकडा पुन्हा खाली आणते. मात्र तापवण्याचा फायदा घालवण्याची एक रीतही घराघरांत आहे. दूध तापवायचं आणि झाकून ओट्यावर रात्रभर ठेवायचं. उकळीने उरलेसुरले जंतू मरतात, बीजं तेवढी जगतात. मोठं भांडं हळूहळू निवताना कित्येक तास चाळीस-तीस अंशांत राहतं. बीजांना जाग यायला हीच ऊब लागते, आणि आता त्यांना स्पर्धक कुणी उरलेला नसतो.

अशा दुधाची खूण ओळखता येते. सकाळी ते आंबट नसतं, वासही फारसा नसतो, तरी तापवताना फाटतं किंवा चहात सायीचे बारीक कण तरंगतात. चव किंचित कडवट लागते. दुग्धव्यवसायातले लोक याला ‘गोड फाटणं’ म्हणतात. आम्लामुळे नव्हे, तर बॅसिलसच्या विकरांनी प्रथिनं तोडल्यामुळे ते फाटतं. आंबट होऊन फाटलेल्या दुधाचं पनीर करता येतं, कारण लॅक्टिक आम्लाचे जंतू निरुपद्रवी असतात. पण गोड फाटलेलं दूध टाकून द्यावं. त्याच कुळातला बॅसिलस सीरिअस उलट्या-जुलाब घडवतो.

तेव्हा तापवण्याची रीत अशी ठेवावी. सुटं दूध घरात आलं की लगेच गाळून चुलीवर चढवावं, ‘अंघोळ झाल्यावर बघू’ असं नको. दूध वर आलं म्हणजे तापलं असं नसतं. वरची साय वाफ अडवते आणि दूध उतू जायला निघतं, तेव्हा मधला भाग कडेपेक्षा मागे राहिलेला असू शकतो. आच मंद करून पळीने ढवळत आणखी दोन-तीन मिनिटं उकळू द्यावं. मग पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवावं, पाणी एकदा बदलावं. लिटरभर दूध अर्ध्या-पाऊण तासात कोमटाच्या खाली येतं. दोन तासांच्या आत ते फ्रीजच्या आतल्या फळीवर मागच्या बाजूला जावं, दारात नको. मुलांना लागेल तेवढंच वेगळ्या भांड्यात काढून गरम करावं. सगळं पातेलं दिवसातून तीनदा बाहेर काढून तापवलं, तर दर वेळी ते पुन्हा त्याच उबेतून जातं.

उकळीच्या मर्यादाही माहीत असाव्यात. सुटं दूध तासन्‌तास उन्हात फिरलं आणि त्यात स्टॅफिलोकॉकस वाढला, तर तो मागे विष सोडून जातो. उकळताना जंतू मरतो, विष तसंच राहतं. एक ते सहा तासांत जोरदार उलट्या ही त्याची ओळख. चाऱ्यावरच्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन एम१ आणि जनावराला टोचलेल्या प्रतिजैविकांचा अंशही उकळीने जात नाही. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये गोळा केलेल्या ६,४३२ नमुन्यांत ३६८ नमुन्यांमध्ये अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर सापडलं, प्रतिजैविकं ७७ मध्ये, तर सुरक्षिततेला बाधा आणणारी भेसळ फक्त १२ मध्ये. लोकांच्या मनातली भीती आणि प्रयोगशाळेतला धोका यांचा क्रम उलटा निघाला. अफ्लाटॉक्सिन प्रक्रिया केलेल्या दुधात सुट्यापेक्षा जास्त आढळलं, हेही लक्षात ठेवावं. त्यावर उपाय कारखान्यात नाही, चाऱ्याच्या गोदामातच आहे. पावसात भिजलेली पेंड आणि बुरशी धरलेला कडबा म्हशीपुढे पडू नये, एवढाच तो उपाय.

आता खोक्यातलं दूध. यूएचटी म्हणजे अतिउच्च तापमान. दूध १३५ ते १४० अंशांवर दोन-चार सेकंद राहतं. दाबाखाली असल्याने ते उकळून उडत नाही, पण बीजंसुद्धा मरतात. मग ते गार करून, निर्जंतुक हवेच्या कोठडीत, हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक केलेल्या खोक्यात भरतात. खोकं कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पदरांचं असतं. ॲल्युमिनियम उजेड आणि हवा अडवतं. आत जिवंत कुणी नाही आणि बाहेरून कुणी येऊ शकत नाही, म्हणून ते खोलीच्या तापमानाला सहा महिन्यांपर्यंत टिकतं. टिकवणारं रसायन त्यात नसतं, कायद्याने ते घालताच येत नाही.

इतकं निर्जंतुक दूधही शेवटी बिघडतं, आणि त्याचं कारण मला या सगळ्या विषयात सर्वांत विचार करायला लावणारं वाटतं. कारखान्यात येण्याआधी कच्चं दूध बरेच तास थंड टाकीत पडून असेल, तर त्यात थंडीत वाढणारे स्यूडोमोनस जंतू माजतात. १४० अंशांवर ते मरतात, पण त्यांनी आधीच दुधात सोडलेली विकरं त्या धगीतूनही वाचतात. ती विकरं खोक्यात बसून महिनोन्‌महिने प्रथिनं आणि स्निग्धांश सावकाश तोडत राहतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध कडवट होतं, तळाला गाळ बसतो, कधी खिरीसारखं दाट होतं. म्हणजे खोक्याचं आयुष्य ठरतं ते कारखान्याच्या आधी, कच्चं दूध थंड टाकीत पडून राहण्यात गेलेल्या वेळात. खोक्याला ऊनही मानवत नाही. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात चाळीस अंशांवर ही विकरं दुप्पट-तिप्पट जोमाने काम करतात. म्हणून मुदतीचे महिने भरपूर शिल्लक असलेलं, सावलीतल्या फळीवरचं खोकं घ्यावं.

यूएचटीला तापवायची गरज नाही. साय फारशी येत नाही, कारण स्निग्धांशाचे थेंब आधीच बारीक फोडलेले असतात. दही लागतं, पण जरा ढिलं. पनीरचा गोळा नीट बसत नाही. तीव्र धगीने दुधातल्या प्रथिनांची एकमेकांना धरण्याची रीत बदलते. किंचित शिजल्यासारखी चव येते, ती चहात लपते, नुसत्या पेल्यात जाणवते.

खोकं फोडलं की मात्र सगळं बदलतं. कात्रीच्या टोकावरून, हवेतून, हातावरून जे आत गेलं, त्याला आत कुणी विरोधक नाही. फोडलेलं खोकं पिशवीच्या दुधासारखंच वागतं. लगेच फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवायचं. ते आंबेलच असंही नाही, कारण आंबवणारे जंतू आत गेलेच असतील असं नाही. त्यामुळे ‘आंबट लागत नाही म्हणजे चांगलं आहे’ ही नेहमीची पारख इथे चालत नाही. फुगलेलं, कोपरा चेपून पाझरणारं किंवा शिवणीवर ओल आलेलं खोकं न फोडताच टाकावं.

शेवटी वीज जाते तेव्हाचं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि कित्येक भागांत ती यायला काही तास लागले. खडवली-वासिंदकडे पावसाळ्यात झाड पडून याहून लांब खंड पडतात. बंद फ्रीज, दार न उघडता, साधारण चार तास गारवा धरतो. सकाळी दहाला वीज गेली आणि दुपारी चारला आली असं समजू. सकाळी तापवून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध दुपारी दोनपर्यंत सुरक्षित धरावं. त्यानंतर त्याचं तापमान दहा अंशांच्या पुढे सरकलेलं असणार, तेव्हा दोनच्या सुमारास ते काढून एकदा उकळून लगेच निववावं आणि वीज आल्यावर परत ठेवावं. न फोडलेली पिशवीही तशीच उकळावी. सुट्या दुधाचा न तापवलेला साठा सहा तास गारव्याविना राहिला असेल, तर तो उकळून वापरण्याचा मोह टाळावा, कारण विषाची शक्यता उकळीने मिटत नाही. आणि ज्यांच्या घरी तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांनी जूनच्या आधीच पाव-पाव लिटरची दोन-तीन न फोडलेली खोकी फळीवर आणून ठेवावीत. मोठं खोकं एकदा फोडलं की फ्रीजशिवाय त्याचा उपयोग त्याच एका वेळेपुरता. लहान खोकं त्या एका वेळेतच संपून जातं.